वर्षावास : आधी पायाखालची जमीन, मग डोक्यावरचं छप्पर

प्रश्न : जैन साधू, बौद्ध भिक्खू आणि हिंदू संन्यासी पावसाळ्यात एकाच गावी का राहतात? आई म्हणते, जीवजंतू पायाखाली मरू नयेत म्हणून. मित्र म्हणतो, पूर्वी रस्ते बंद व्हायचे, नद्यांना पूर यायचा, म्हणून थांबायचे. अहिंसा वगैरे नंतर जोडलं. आणि आता सगळीकडे डांबरी रस्ते असताना हे पाळण्याला काय अर्थ आहे?

उत्तर : तुमच्या आईचं म्हणणं मूळ ग्रंथांच्या जास्त जवळ आहे. मित्राचा मुद्दा निराधार नाही, पण चिखल आणि पूर हेच खरं कारण असतं, तर ग्रंथांत आज जे नियम सापडतात ते फार वेगळे दिसले असते. मी पालि आणि अर्धमागधी शिकवते आणि आमच्या भागातल्या जैन स्थानकात, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या वास्तूत, दरवर्षी चातुर्मासाच्या तयारीत असते. त्यामुळे ग्रंथात काय आहे आणि ते प्रत्यक्षात कसं उतरतं, हे दोन्ही सांगते. भर जैन आणि बौद्ध नियमांवर राहील, कारण कारणांची चर्चा तिथे सर्वांत तपशिलानं झालेली आहे.

सुरुवात राजगृहापासून करू. विनयपिटक हा भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ. त्यातल्या महावग्गाचा तिसरा खंधक, म्हणजे प्रकरण, वर्षावासाचा आहे. बुद्ध तेव्हा वेळुवनात राहत होते आणि भिक्खूंना पावसाळ्यात थांबण्याचा कुठलाही नियम नव्हता. ते तिन्ही ऋतूंत हिंडत. यावरून लोक नाराज झाले. त्यांची तक्रार अशी की हे शाक्यपुत्रीय श्रमण हिरवं गवत तुडवतात, वनस्पतींसारख्या एकेंद्रिय जीवांना पीडा देतात आणि कितीतरी बारीक जीव मारतात. इतर पंथांचे साधूसुद्धा पावसाळ्यात एका जागी राहतात, पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं बांधून बसतात, मग यांनाच हिंडायची एवढी काय गरज? ही तक्रार बुद्धांच्या कानावर गेली आणि त्यांनी वर्षावासाची अनुज्ञा दिली.

यात भिक्खू चालत होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. म्हणजे रस्ता अवघड असेल, पण बंद नव्हता. रस्ता बंद असता तर नियमाची गरजच पडली नसती. दुसरं म्हणजे तक्रार गृहस्थांनी केली, आणि ती करताना इतर पंथांचा दाखला दिला. पावसाळ्यात थांबायचं ही अपेक्षा बौद्ध संघाच्या आधीपासून लोकांच्या मनात होती. ब्राह्मण परंपरेतल्या गौतम धर्मसूत्रातही भिक्षूसाठी ‘ध्रुवशीलो वर्षासु’ एवढंच छोटं सूत्र आहे : पावसाळ्यात एका जागी स्थिर राहावं. घर सोडून भिक्षेवर जगणाऱ्या सगळ्यांनाच ही मर्यादा लागू आहे, असा त्या काळचा संकेत दिसतो. त्याला सर्वांत बारीक रूप दिलं ते जैनांनी.

आचारांगसूत्र या जैन आगमाच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात, म्हणजे भागात, चालण्याबद्दलचं एक अध्ययन आहे. त्याचा आरंभच पावसानं होतो. पाऊस लागला की असंख्य जीव उत्पन्न होतात, बियांना कोंब फुटतात, वाटा जीवांनी, बियांनी, हिरवळीनं भरून जातात आणि वाट कुठली हेही नीट कळत नाही. हे ओळखून साधूनं गावोगाव विहार करू नये, एका ठिकाणी वर्षावास करावा. कल्पसूत्रातल्या सामाचारी, म्हणजे साधूंच्या आचाराच्या, भागात आणखी खाली, अगदी नजरेच्या टोकापर्यंत जायला लावलं आहे. तिथे आठ सूक्ष्म गोष्टी सांगितल्या आहेत : बारीक प्राणी, बुरशी, बी, कोंब, फुलं, अंडी, बिळं आणि ओलावा. साधूनं त्या पुन्हापुन्हा पाहाव्यात, ओळखाव्यात. बुरशी काळी, निळी, लाल, पिवळी, पांढरी अशी पाच रंगांची असते, आणि ती ज्या वस्तूवर येते त्याच वस्तूच्या रंगाची होते, असं तिथे म्हटलं आहे. प्राण्यांमध्ये कुंथू नावाचा जीव सांगितला आहे. तो हलला तरच दिसतो, स्थिर असला की दिसत नाही. ज्यांनी पावसाळ्यात जुन्या पोथीचं पान उलटून पाहिलं असेल, त्यांना हा जीव माहीत असेल.

ओलाव्याचा विचार तर शरीरापर्यंत येतो. अंगावर पाणी निथळत असेल तर साधूनं जेवू नये. तळहात, हातावरच्या रेषा, नखं, नखांची टोकं, भुवया, खालचा आणि वरचा ओठ या सात जागी पाणी टिकून राहतं. ते सुकलं की मगच आहार घ्यावा, कारण जैन दृष्टीनं पाणी हाच जीवांचा देह आहे. भिक्षेला गेल्यावर पाऊस आला तर झाडाखाली किंवा एखाद्या आडोशाला थांबावं, पण सूर्यास्ताच्या आत मुक्कामी परतावं. भिक्षेसाठी चहूबाजूंना पाच कोसांची मर्यादा आहे. त्यात वाहती नदी आडवी आली तर पलीकडे जाता येत नाही. अपवाद एकच : कुणालाजवळच्या ऐरावतीसारखी उथळ नदी, जिच्यात एक पाय पाण्यात आणि दुसरा पाण्याबाहेर ठेवून पलीकडे जाता येतं.

आता मित्राच्या मुद्द्याची खरी कसोटी. नियम रस्त्यासाठी असता, तर रस्ता खुला झाला की तो संपला असता. पण आचारांगात परतीचा नियम वेगळा आहे. पावसाचे चार महिने संपले, हेमंताचेही पाच-दहा दिवस उलटले, तरी वाटेवर जीव, बिया, हिरवळ फार असेल आणि इतर लोकांची ये-जा फारशी सुरू झालेली नसेल, तर साधूनं निघू नये. वाट कोरडी झाली, लोकांच्या वर्दळीनं मळली, जीव कमी झाले, की मग निघावं. म्हणजे पंचांगानं सुटका झाली तरी पायाखालच्या जमिनीनं परवानगी द्यावी लागते. जिथे पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळतो तिथे ही तरतूद आजही उपयोगी पडते. कार्तिकी पौर्णिमेला महाराजसाहेब स्थानक सोडतात, मुक्काम बदलल्याची मर्यादा पाळतात, पण वाट ओली असेल तर गावातच दुसऱ्या घरी थांबतात. त्यात नियमभंग नाही.

हे झालं पायाखालचं. पण चार महिने थांबायचं तर छप्पर लागतं, आणि साधूला स्वतःसाठी घर बांधवून घेता येत नाही. त्याच्यासाठी मुद्दाम केलेली वस्तू त्याला वर्ज्य आहे. ही अडचण कल्पसूत्रानं कशी सोडवली ते पाहण्यासारखं आहे. महावीरांनी पावसाळ्याचा एक महिना आणि वीस रात्री गेल्यावर पर्युषण केलं, म्हणजे वर्षावासाचा मुक्काम पक्का केला, असं तिथे आहे, आणि का, हेही लगेच सांगितलं आहे. कारण तोपर्यंत गृहस्थांनी आपापली घरं चटयांनी झाकलेली, चुन्यानं रंगवलेली, गवतानं शाकारलेली, शेणानं सारवलेली असतात, जमीन सपाट केलेली असते, पाण्याच्या मोऱ्या आणि चर खणलेले असतात. हे सगळं त्यांनी स्वतःसाठी केलेलं असतं. साधू येऊन राहिला तरी त्या खणण्या-सारवण्यातल्या हिंसेचा भार त्याच्यावर येत नाही.

आषाढी पौर्णिमेपासून हे पन्नास दिवस मोजा. श्रावणी पौर्णिमेपर्यंत साधारण तीस, पुढे वीस, म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमी. स्थानकवासी संवत्सरी, म्हणजे पर्युषण पर्वातला क्षमापनेचा दिवस, याच दिवशी येते. मूर्तिपूजक श्वेतांबरांची आचार्य कालकांपासून चतुर्थीला येते, आणि दिगंबरांचं दशलक्षण पर्व पंचमीपासून सुरू होतं. महाराष्ट्रात गणपती आणि पर्युषण दरवर्षी एकमेकांना खेटून का येतात, असं अनेक जण विचारतात. त्याचं उत्तर या पन्नास दिवसांत आहे. पन्नास गेले की सत्तर उरतात, आणि हे सत्तर दिवस मुक्काम अजिबात हलवायचा नाही. आज सगळे साधू आषाढ शुद्ध चतुर्दशीलाच थांबतात, त्यामुळे पन्नासचा आकडा फक्त सणाच्या तिथीत शिल्लक आहे. पण मुळात तो योग्य घर मिळेपर्यंतची सवलत होता.

आमच्या तयारीत हा भाग अक्षरशः उतरतो. गच्चीची गळती, पन्हळी, मोऱ्या, अंगणातला उतार हे सगळं ज्येष्ठ संपायच्या आत करावं लागतं. घाई यासाठी की एकदा अंगणात शेवाळ धरलं, की ते खरवडायला महाराजसाहेब सांगू शकत नाहीत आणि त्यावरून चालूही शकत नाहीत. मग महासतीजींना, म्हणजे साध्वींना, गोचरीला, म्हणजे भिक्षेला, बाहेर पडायला मागची एकच कोरडी बाजू उरते किंवा तीही उरत नाही. पाणी साचतं ती जागा आधी बुजवायची, फरशीच्या सांध्यांना आणि भिंतीच्या पायाला आधी रंगाचा हात द्यायचा. पुस्तकांची कपाटं बाहेरच्या भिंतीला लावायची नाहीत. भिंतीवर पांढुरकी बुरशी दिसली की खोली बदलणं एवढाच उपाय राहतो. जागा निवडताना आचारांगातली आणखी एक कसोटी आज शहरांत सर्वांत अवघड जाते : मलमूत्र टाकण्यासाठी निर्जीव, कोरडी, मोकळी जमीन आहे का? ग्रंथ सांगतो की अशी जमीन, स्वाध्यायाला जागा, पाट-फळी आणि निर्दोष भिक्षा सहज मिळत नसेल, तर तिथे वर्षावास करू नये. मंगलप्रवेशाच्या मिरवणुकीचा विचार करण्याआधी समितीनं हे पाहायला हवं. उपाश्रय सुंदर आणि जमीन सगळी काँक्रीटची, अशी परिस्थिती वारंवार दिसते, आणि त्याचा त्रास चार महिने साधूंना होतो.

बौद्ध बाजूला छपराचा प्रश्न वेगळ्या वाटेनं सुटला. महावग्गात झाडाच्या ढोलीत, फांद्यांच्या बेचक्यात, उघड्यावर, छत्रीखाली, मोठ्या रांजणात वर्षावास करायला मनाई आहे. तसं कोणी ना कोणी केलं आणि लोक पुन्हा बोलले, म्हणून एकेक मनाई आली. नीट निवारा हवाच असं ठरल्यावर तो देण्याची जबाबदारी उपासकांकडे गेली, आणि याचा सर्वांत स्पष्ट हिशेब आपल्या नाशिकला दगडात कोरलेला आहे.

पांडवलेण्यांतलं दहा क्रमांकाचं लेणं क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं दिलं. तिथल्या कोरीव लेखात तो सांगतो की या लेण्यात राहणाऱ्या चातुर्दिश, म्हणजे चारही दिशांच्या, संघासाठी त्यानं तीन हजार कार्षापणांची कायमची ठेव दिली आहे. पैसे त्यानं संघाच्या हाती दिले नाहीत. नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले : दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजानं आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या दोन हजारांच्या व्याजातून, माझ्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रासाठी, द्यावेत, असं लेख म्हणतो. हिशेब करून पाहा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना बारा-बारा दिले की बरोबर दोनशे चाळीस. एक नाणं उरत नाही, एक कमी पडत नाही. म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या डोंगरावर पावसाळ्यात वीस भिक्खू राहणार, हे धरून ठेवीची रक्कम ठरवली गेली. कार्ल्याच्या लेण्यांनाही उषवदातानं करजिक गाव दिलं, तेही तिथे वर्षावास करणाऱ्यांच्या निर्वाहासाठी.

चीवराचीच तरतूद का, याचं उत्तर नियमातच आहे. वर्षावास तीन महिन्यांचा असतो. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू होतो, किंवा ज्यांना तेव्हा जमत नाही त्यांचा एक महिन्यानं. पहिल्या तारखेला सुरू करून तो पुरा करणाऱ्यांना शेवटी पवारणा झाल्यावर, पुढच्या महिन्याच्या आत, कठिन चीवराचा लाभ मिळतो. पवारणा म्हणजे प्रत्येक भिक्खूनं संघासमोर सांगायचं की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं किंवा तुम्हाला शंका आली असेल, तर मला सांगा. यामागची कथा मला फार आवडते. कोसल देशात काही भिक्खूंनी ठरवलं की तीन महिने भांडण नको, म्हणून एकमेकांशी बोलायचंच नाही. खाणाखुणांवर त्यांनी पावसाळा काढला आणि अभिमानानं बुद्धांना सांगितलं. बुद्धांनी त्यांना चांगलंच सुनावलं : हे जनावरांसारखं राहणं झालं, मुक्याचं व्रत घेऊ नका, एकमेकांना चुका सांगा. एरवी दोन-चार जणांनी हिंडणारी माणसं एका छपराखाली आली की काय होतं, हे या कथेवरून कळतं. जीवरक्षेसाठी थांबलेल्या लोकांमधून संघाचं एकत्र जीवन घडलं, ते याच महिन्यांत. महाराष्ट्रातल्या विहारांत आजही आषाढी ते आश्विन पौर्णिमा हा काळ पाळला जातो, आणि त्यात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं.

नियम किती ताणायचा हे दोन्ही परंपरांनी वेगळं ठरवलं. विनयात भिक्खू सात दिवसांपर्यंत बाहेर जाऊ शकतो. कोणी आजारी असेल, कोणी बोलावणं पाठवलं असेल, आईवडिलांना गरज असेल, तर जाऊन सातव्या दिवसाच्या आत परत यायचं. हिंस्र जनावर, साप, चोर यांचा धोका असेल, गाव जळलं किंवा पुरात गेलं, भिक्षाच मिळेनाशी झाली, तर मुक्काम सोडला तरी दोष नाही. गुराख्यांच्या तळावर, व्यापारी तांड्यात किंवा नावेत वर्षावास करायलाही परवानगी आहे. तळ हलला तर भिक्खूनंही त्याच्याबरोबर हलावं. म्हणजे बौद्ध नियमात स्थिरता जमिनीच्या तुकड्याशी कमी आणि पोसणाऱ्या वस्तीशी जास्त बांधलेली आहे. जैन नियमात इतकी मोकळीक नाही. दुष्काळ, पूर, हल्ल्याचं भय, आचार्यांची सेवा अशी मोजकीच कारणं चालतात.

हिंदू संन्याशांकडे आषाढी पौर्णिमेला व्यासपूजा होते आणि त्याच वेळी संकल्प होतो. त्या संकल्पात कारण पुन्हा तेच आहे : पावसाळ्यात वाटा प्राण्यांनी भरलेल्या दिसतात, म्हणून त्यांच्या अहिंसेसाठी, काही अडथळा न आल्यास, आम्ही इथेच राहू. मात्र शृंगेरीसह बहुतेक पीठांवर आता महिन्याऐवजी पक्ष मोजतात. चार पक्ष म्हणजे दोन महिने, आणि भाद्रपद पौर्णिमेला सीमोल्लंघन. गोव्यातल्या कवळे आणि पर्तगाळी मठांच्या स्वामींचा चातुर्मासही समाजात मोठा मानला जातो. गृहस्थांचा चातुर्मास यापेक्षा वेगळा आहे. तो शयनी एकादशीपासून प्रबोधिनी एकादशीपर्यंत, आणि त्यात थांबण्यापेक्षा खाण्यापिण्याचे नेम मुख्य. वारकरी तर भर पावसात चालत पंढरपूरला जातात. पण त्यात विसंगती नाही. थांबण्याचा नियम घर सोडलेल्यांसाठी आहे, वारकरी संसारी आहेत, आणि त्यांचं चालणं चातुर्मास सुरू होतो त्याच दिवशी पोचतं. अनेक फडांची मंडळी पुढे कार्तिकीपर्यंत पंढरपुरातच राहून कीर्तन-प्रवचन करतात.

जैन गृहस्थांवर मात्र साधूंच्या नियमाची सावली जास्त गडद पडते. शत्रुंजयाची यात्रा चातुर्मासात बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला सुरू होते. स्वयंपाकघरातही ओलाव्याचाच विचार चालतो. उकळलेलं पाणी हिवाळ्यात चार प्रहर, उन्हाळ्यात पाच प्रहर चालतं, पावसाळ्यात तीनच, म्हणजे सुमारे नऊ तास. दळलेलं पीठ आणि मिठाई हिवाळ्यात महिनाभर, उन्हाळ्यात वीस दिवस, पावसाळ्यात पंधरा दिवस. पालेभाज्या बंद. दमट हवेत पदार्थावर जीव लवकर धरतो, एवढंच यामागचं निरीक्षण आहे.

आता डांबरी रस्त्यांबद्दल. पहिल्या पावसानंतर सकाळी लवकर रस्त्याच्या कडेनं चालून पाहा. गांडुळं, गोगलगायी, वाणी, बारीक बेडूक जमिनीतून, बिळांतून बाहेर पडलेले असतात आणि डांबरावर आलेले असतात. मातीत ते आत शिरू शकतात, डांबरात नाही. साधू वाहनांमुळे रस्त्याच्या मध्यानं चालू शकत नाहीत. त्यांना कडेनं चालावं लागतं, आणि शेवाळ, गवत, साचलेलं पाणी असतं ते कडेलाच. त्यामुळे रस्ते सुधारले तरी चालणाऱ्याच्या पायाखालची अडचण होती तिथेच आहे.

वाढलेली अडचण वेगळी आहे, आणि ती आपणा गृहस्थांकडून येते. साधू जीवरक्षेसाठी चार महिने पाऊल उचलत नाहीत, आणि त्यांच्या दर्शनासाठी आपण त्याच चार महिन्यांत बसगाड्या भरून गावोगाव जातो, ओल्या मैदानात मंडप घालतो, गवतावर गाड्या लावतो. राजगृहातल्या लोकांनी भिक्खूंना जे विचारलं, ते आज साधू आपल्याला विचारू शकतील. आमच्या स्थानकात आम्ही बाहेरगावच्या संघांना पत्रानं कळवतो की दर्शनाला कार्तिकी पौर्णिमेनंतर, विहाराच्या वाटेवर या. आणि ज्यांना यायचंच असेल त्यांनी हिरवळीवरून न येता पुढच्या फरसबंदीवरून, दिवसाउजेडी, पायाखाली बघत यावं.